लंबकाच्या प्रयोगाचा फोटो आणि आलेख हरवला? फक्त तक्त्यावरून दोलनकाल, g आणि चुकलेली लांबी कशी शोधायची

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन बंद पडला. दुरुस्तीवाल्याने फोन रीसेट करून दिला आणि त्यात गॅलरी साफ झाली. ती अकरावी सायन्सला आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगाच्या मांडणीचा फोटो आणि आलेख कागदाचा फोटो, दोन्ही त्याच गॅलरीत होते. मूळ आलेख कागद पार्टनरकडे होता आणि तो त्याने हरवला होता. जर्नल दोन दिवसांनी द्यायचं होतं. वहीत उरला होता फक्त एक तक्ता: सहा लांब्या आणि प्रत्येकीसमोर २० दोलनांची वेळ.

"दादा, मैत्रिणीच्या जर्नलमधला आलेख उतरवून काढू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, आधी तक्ता पाठव. त्या तक्त्यातून हरवलेलं जवळपास सगळं परत मिळालं. शिवाय आलेख काढताना कुणाच्याच लक्षात न आलेली एक चूकही सापडली. ते कसं, हे या लेखात त्याच तक्त्यावर एकेक पायरी करून दाखवतो. शेवटी हीच युक्ती स्प्रिंगला कशी लागू होते तेही पाहू.

सुरुवातीला एक साधी गोष्ट. फोटो तुम्ही चुकून डिलीट केला असेल तर आधी Google Photos मधलं Trash उघडा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. ज्या चॅटमध्ये तो कुणाला पाठवला असेल ते चॅटही पाहा. तिथेही नसेल तर पुढे वाचा.

## फोटोत काय होतं आणि तक्त्यात काय आहे

दोलनकाल म्हणजे एका पूर्ण फेरीची वेळ. गोळा मधल्या जागेवरून निघतो, एका टोकाला जातो, दुसऱ्या टोकाला जातो आणि त्याच दिशेने पुन्हा मधून जातो, तेव्हा एक दोलन पूर्ण होतं. लहान कोनासाठी सूत्र हे:

```
T = 2π√(L/g)
T² = (4π²/g) × L
```

दुसरी ओळ पहिलीचा वर्ग आहे, आणि आपल्याला तीच कामाची आहे. T आणि L यांचा आलेख वक्र येतो. T² आणि L यांचा आलेख सरळ रेषा येते. सरळ रेषा आहे की नाही हे डोळ्यांना लगेच कळतं, वक्र बरोबर आहे की चुकलेला हे कळत नाही.

आता L म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? वरच्या बाजूला दोरा जिथे बुचातून बाहेर येतो तिथून, खाली गोळ्याच्या मध्यापर्यंत. गोंधळ इथेच होतो. गोळ्याला वर छोटा हूक असतो आणि दोऱ्याची गाठ त्या हुकाला असते. मोजपट्टी लावताना कुणी गाठीपर्यंत मोजतं, कुणी गोळ्याच्या तळापर्यंत. बहिणीला आठवत नव्हतं. "फोटोत पट्टी दिसत होती," एवढंच ती म्हणाली. म्हणजे फोटोतली खरी महत्त्वाची माहिती ही होती: लांबी कुठपर्यंत मोजली?

तिने पाठवलेला तक्ता असा होता. शेवटचे तीन रकाने मी भरले. T काढायला वेळेला २० ने भागलं, मग वर्ग केला, आणि शेवटी त्या एकेका ओळीवरून g काढला.

| लांबी (सेमी) | २० दोलनांची वेळ (सेकंद) | T (सेकंद) | T² | त्या ओळीवरून g (मी/से²) |
|---|---|---|---|---|
| ५० | २८.९ | १.४४५ | २.०८८ | ९.४५ |
| ६० | ३१.६ | १.५८० | २.४९६ | ९.४९ |
| ७० | ३४.० | १.७०० | २.८९० | ९.५६ |
| ८० | ३४.५ | १.७२५ | २.९७६ | १०.६१ |
| ९० | ३८.५ | १.९२५ | ३.७०६ | ९.५९ |
| १०० | ४०.५ | २.०२५ | ४.१०१ | ९.६३ |

फक्त दोलनकाल हवा असेल तर तिसऱ्या रकान्यावर काम संपलं. फोटो नाही, आलेख नाही, तरी T मिळाला. पण हे आकडे खरे आहेत का, हा प्रश्न उरतोच. शेवटचा रकाना नीट पाहिला तर त्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात.

## पहिली तक्रार: ८० सेमीची ओळ

८० सेमीच्या ओळीत g एकदम १०.६१ वर उडी मारतो. आलेख कागदावर हा बिंदू रेषेच्या खाली पडला असता. आलेख नसला तरी हे पकडता येतं. लांबी दर वेळी १० सेमीने वाढते, म्हणून T² सुद्धा दर वेळी जवळपास सारखाच वाढायला हवा. वजाबाकी करून पाहा:

- ५० ते ६०: ०.४०८
- ६० ते ७०: ०.३९४
- ७० ते ८०: ०.०८६
- ८० ते ९०: ०.७३०
- ९० ते १००: ०.३९५

मधल्या दोन पायऱ्या बिघडल्यात. एक फार लहान, तिच्यापुढची फार मोठी. दोन्ही पायऱ्यांत ८० हा आकडा आहे, म्हणजे दोष त्याच एका बिंदूत आहे.

दोष कसला असेल? बोट उशिरा दाबलं गेलं म्हणावं तर तेवढा फरक बसत नाही. फोनचं स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं, पण आपलं बोट साधारण दशांश-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतं. इथे मात्र जवळपास दोन सेकंद कमी आहेत. ८० सेमीला एक दोलन साधारण १.८ सेकंदांचं असतं. म्हणजे बरोबर एक दोलन कमी! ३४.५ ला १९ ने भागलं तर T येतो १.८१६ आणि T² येतो ३.२९७. आता पायऱ्या ०.४०७ आणि ०.४०९ होतात, बाकीच्यांशी जुळतात.

हे कसं घडतं ते मलाही माहीत आहे, कारण अकरावीत मी हेच केलं होतं. स्टॉपवॉच सुरू करताना तोंडाने "एक" म्हटलं जातं. खरं तर त्या क्षणी शून्य दोलनं झालेली असतात. "वीस" म्हणून बटण दाबलं की प्रत्यक्षात १९ च झालेली असतात. म्हणून घड्याळ सुरू करताना "शून्य" म्हणायची सवय लावायची.

इथे मोह होतो की वहीत ३४.५ खोडून ३६.३ लिहावं. तसं करू नका. १९ मोजली गेली असावीत हा आपला अंदाज आहे, घेतलेलं वाचन नाही. बरोबर मार्ग दोनच आहेत. प्रयोगशाळेत जाऊन ८० सेमीचं वाचन पुन्हा घ्यायचं, नाहीतर ती ओळ तशीच ठेवून शेजारी "दोलनं मोजण्यात चूक झाल्याची शक्यता, म्हणून आलेखात धरलेली नाही" असं लिहायचं. आम्ही दुसरा मार्ग घेतला. पाच बिंदू पुरेसे होते.

एक धोका लक्षात ठेवा. ही चूक एकाच ओळीत होती म्हणून सापडली. सगळ्याच ओळींत १९ मोजली असती तर सगळे बिंदू छान एका रेषेत आले असते आणि वजाबाकीत काहीच दिसलं नसतं. तेव्हा शंका फक्त g वरून येते. सगळीकडे १९ मोजून २० ने भागलं तर g सुमारे १०.८ येतो. आणि कुणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अर्ध्या फेरीलाच पूर्ण दोलन धरलं, तर g चौपट, म्हणजे ३९ च्या आसपास येतो. हे दोन आकडे दिसले तर गणित तपासत बसू नका, चूक मोजण्यात आहे.

## दुसरी तक्रार: g हळूहळू वाढतोय

८० ची ओळ बाजूला ठेवून शेवटचा रकाना वरून खाली वाचा: ९.४५, ९.४९, ९.५६, ९.५९, ९.६३. महाराष्ट्रात g ची किंमत साधारण ९.७८ ते ९.७९ असते. इथले सगळे आकडे त्याहून कमी आहेत, आणि लांबी वाढते तसे ते एका दिशेने वर सरकतात. बोटाच्या उशिरामुळे आलेली चूक कधी वर, कधी खाली असते. आकडे असे ओळीने चढत असतील तर काहीतरी एकच गोष्ट प्रत्येक ओळीत शिरलेली असते.

समजा प्रत्येक वेळी लांबी खऱ्यापेक्षा c एवढी कमी लिहिली गेली. मग सूत्र असं होतं:

```
T² = (4π²/g) × (L + c)
```

५० सेमीत दोन सेमी कमी पडणं म्हणजे चार टक्के. १०० सेमीत दोन सेमी कमी पडणं म्हणजे दोनच टक्के. म्हणून आखूड लंबकात g जास्त चुकतो, लांब लंबकात कमी. आपल्या रकान्यात अगदी हेच दिसतंय.

आता गंमत अशी की ही चूक आलेखाच्या चढात येतच नाही. लहानपणी घरच्या भिंतीवर उंचीच्या खुणा केल्या असतील तर आठवा. टेप जमिनीऐवजी दोन सेमी वरून लावली तर प्रत्येक वर्षीची उंची दोन सेमी कमी येईल. पण या वर्षी किती वाढलात, हा फरक बरोबरच येईल. रेषेचा चढ म्हणजे असाच फरकांचा हिशोब आहे. लांबी कुठपर्यंत मोजली हे माहीत नसलं तरी, प्रत्येक वेळी तिथपर्यंतच मोजली असेल, तर चढावरून येणारा g बरोबर असतो.

आणि c कुठे जातो? तो रेषेला वर ढकलतो. रेषा शून्यातून न जाता उभ्या अक्षाला थोडी वर छेदते. त्या छेदाला चढाने भागलं की c मिळतो. म्हणजे फोटोतून जे बघायचं होतं, ते आलेखच सांगतो.

## फोनवर रेषा काढू

हाताने करायचं तर दोन टोकांचे बिंदू घ्या. लांबी मीटरमध्ये करा: ०.५० आणि १.०० मीटर. T² मधला फरक ४.१०१ − २.०८८ = २.०१३. त्याला ०.५० ने भागलं की चढ ४.०२६ येतो.

पण यात मधले तीन बिंदू वाया जातात. सगळे वापरायचे तर Google Sheets उघडा. A रकान्यात लांबी मीटरमध्ये, B मध्ये २० दोलनांची वेळ लिहा. पहिली ओळ शीर्षकासाठी ठेवा, दुसऱ्या ओळीपासून आकडे भरा. ८० सेमीची ओळ वगळा. C2 मध्ये हे सूत्र लिहून खाली C6 पर्यंत ओढा:

```
=(B2/20)^2
```

मग कुठल्याही चार रिकाम्या चौकटींत ही सूत्रं एकेक करून टाका. क्रमाने चढ, उभ्या अक्षावरचा छेद, g आणि c मिळतील:

```
=SLOPE(C2:C6, A2:A6)
=INTERCEPT(C2:C6, A2:A6)
=4*PI()^2/SLOPE(C2:C6, A2:A6)
=INTERCEPT(C2:C6, A2:A6)/SLOPE(C2:C6, A2:A6)
```

आमची उत्तरं अशी आली: चढ ४.०२८, छेद ०.०७५, g ९.८० मी/से², आणि c ०.०१८७ मीटर, म्हणजे सुमारे १.९ सेमी.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रकान्यांचा क्रम. या सूत्रांत आधी उभ्या अक्षाचे आकडे द्यायचे, मग आडव्या अक्षाचे. उलटे दिले तर चढ ०.२५ च्या आसपास येतो आणि g दीडशेच्या वर जातो. लांबी मीटरऐवजी सेमीमध्येच ठेवली तर g ९८० च्या आसपास येतो. ते चूक नाही, फक्त एकक सेमी/से² आहे.

जर्नलमध्ये मात्र आलेख कागदावर हातानेच काढा. आडवा अक्ष ५० पासून सुरू करू नका. शून्याच्या डावीकडेही थोडी जागा ठेवा. पाच बिंदूंमधून रेषा काढून ती मागे लांबवली की ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, साधारण उणे १.९ सेमीवर छेदते. हा आकडा म्हणजेच c. अक्ष ५० पासून सुरू केला असता तर ही गोष्ट कागदावर दिसलीच नसती. बहुतेक त्यामुळेच पहिल्या आलेखात ती कुणाच्या लक्षात आली नसावी.

## १.९ सेमीचा अर्थ काय

c धन आला, म्हणजे लिहिलेली लांबी खऱ्या लांबीपेक्षा कमी होती. पट्टी गोळ्याच्या मध्याच्या वर, सुमारे १.९ सेमीवर थांबली होती. तिथे काय असतं? हुकाची गाठ. म्हणजे दोघांनी दोऱ्याचीच लांबी मोजली, त्यात हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली.

c शून्याच्या अगदी जवळ आला असता तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती असं म्हणता आलं असतं. c ऋण, म्हणजे उणे एक सेमीच्या आसपास आला असता तर पट्टी गोळ्याच्या तळापर्यंत नेली असणार. तीन वेगळ्या सवयी, तीन वेगळी उत्तरं.

मात्र या १.९ वर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. आपले बिंदू ५० ते १०० सेमीच्या मध्ये आहेत आणि रेषा आपण थेट शून्यापर्यंत मागे नेली. इतक्या लांब नेताना चढ जरासा बदलला तरी छेद बराच हलतो. आमच्या आकड्यांत c दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो, तर g साधारण ०.०३ ने. म्हणून g ९.८० आला काय आणि ९.७८ आला काय, या प्रयोगातून त्यातला फरक सांगता येत नाही. ९.८० हे उत्तर ठीक आहे. दशांशानंतर चार आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

c तपासायला सोपा आहे, कारण फोटो हरवला तरी गोळा प्रयोगशाळेतच असतो. दुसऱ्या दिवशी बहिणीने व्हर्नियरने गोळ्याचा व्यास घेतला. तो २.० सेमी निघाला, म्हणजे त्रिज्या १.० सेमी. हुकाची गाठ बांधायची जागा गोळ्याच्या वर ०.८ सेमी. एकूण १.८ सेमी. आलेखाने सांगितलेल्या १.९ शी हे दोन-तीन मिलिमीटरच्या हिशोबात चांगलं जुळतं. आता लांबीच्या रकान्याशेजारी नवा रकाना घालून प्रत्येक लांबीत १.८ सेमी मिळवता येतात, कारण हा आकडा मोजलेला आहे, अंदाजाने आणलेला नाही. तो मिळवल्यावर ५० सेमीच्या ओळीचा g ९.४५ वरून ९.७९ वर येतो.

## तक्ता जे सांगू शकत नाही

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली असती: गोळा किती लांब ओढून सोडला. वरचं सूत्र लहान कोनासाठीच आहे. कोन वाढला की दोलनकाल किंचित वाढतो. १० अंशाला ही वाढ सुमारे ०.२ टक्के असते, २० अंशाला ०.८ टक्के आणि ३० अंशाला १.७ टक्के. g काढताना T चा वर्ग होतो म्हणून चूक दुप्पट होते. ३० अंशातून सोडलेल्या लंबकाचा g साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणजे ९.४५ च्या जवळ येईल.

प्रत्येक ओळीत कोन सारखाच मोठा असेल तर सगळे T² एकाच प्रमाणात वाढतात. रेषा सरळच राहते, c सुद्धा बदलत नाही. म्हणून तक्त्याच्या आतून कोनाची चूक पकडता येत नाही. आमच्या बाबतीत चढावरून g ९.८० आला, त्यामुळे कोन ३० अंश नव्हता एवढं म्हणता येतं. पण तो ५ होता की १० हे सांगता येत नाही. जर्नलमध्ये कोनाचा आकडा आठवत नसेल तर लिहू नका.

दुसरी मर्यादा ओळींची. एकाच लांबीचं वाचन असेल तर T मिळेल, पण g आणि c वेगळे करता येणार नाहीत. दोन लांब्या असतील तर दोन्ही निघतील, पण दोन बिंदूंमधून रेषा नेहमीच जाते, त्यामुळे एखादं वाचन चुकलं असेल तर कळणार नाही. ८० सेमीची चूक सापडली ती आजूबाजूला आणखी पाच ओळी होत्या म्हणून.

## स्प्रिंगला टांगलेलं वजन असेल तर

स्प्रिंगच्या प्रयोगात लांबीच्या जागी वस्तुमान येतं आणि g च्या जागी स्प्रिंगचा स्थिरांक k:

```
T² = (4π²/k) × (m + c)
```

इथेही फोटो हरवला की एकच प्रश्न अडतो: तक्त्यातल्या m मध्ये पारड्याचं किंवा हँगरचं वस्तुमान धरलंय की नुसती टाकलेली वजनं लिहिलीत? आणि इथेही रेषेचा चढ त्या प्रश्नाच्या उत्तराशिवाय k देतो.

एक छोटं उदाहरण घेऊ. १०० ग्रॅमला २० दोलनं ११.२ सेकंदांत, ३०० ग्रॅमला १६.९ सेकंदांत. T झाले ०.५६० आणि ०.८४५ सेकंद, T² झाले ०.३१४ आणि ०.७१४. फरक ०.४००, वस्तुमानातला फरक ०.२०० किलो, म्हणून चढ २.०० आणि k सुमारे १९.७ न्यूटन प्रति मीटर. मागे शून्यापर्यंत गेलं की छेद ०.११३ येतो. त्याला चढाने भागलं की c मिळतो ०.०५७ किलो, म्हणजे ५७ ग्रॅम तक्त्यात लिहिलेलेच नाहीत.

हे ५७ ग्रॅम आले कुठून? समजा हँगर ५० ग्रॅमचा आहे. उरलेले स्प्रिंगचे स्वतःचे. स्प्रिंगचं वरचं टोक हलत नाही आणि खालचं टोक वजनाबरोबर हलतं, म्हणून तिचं पूर्ण वस्तुमान न धरता साधारण एक तृतीयांश धरलं जातं. ३० ग्रॅमच्या स्प्रिंगचे १० ग्रॅम होतात. बेरीज ६० ग्रॅम, आणि आपल्याला मिळाले ५७. हँगर आणि स्प्रिंग तराजूवर ठेवून हे खरं की खोटं ते पाहता येतं.

आलेख न काढता एकेका ओळीवरून k काढला असता तर पहिल्या ओळीने १२.६ आणि दुसरीने १६.६ सांगितलं असतं. स्प्रिंग तीच, स्थिरांक दोन! असे दोन आकडे आले की समजायचं, काहीतरी मोजायचं राहिलंय. हे उदाहरण मी दोनच ओळींचं घेतलं, तुमच्याकडे निदान पाच असू द्या.

## तक्ताही हरवला असेल तर

मग प्रयोग पुन्हा करण्याला पर्याय नाही. घरी करायचा असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं phyphox हे मोफत ॲप उपयोगी आहे. त्यातल्या Pendulum प्रयोगात फोनच झोका घेतो आणि ॲप दोलनकाल दाखवतं. त्यासाठी फोनमध्ये जायरोस्कोप लागतो, जो काही स्वस्त फोनमध्ये नसतो. Spring प्रयोगाला ॲक्सेलेरोमीटर पुरतो. फोन मजबूत पिशवीत घट्ट बांधा आणि खाली उशी ठेवा.

फक्त एक लक्षात असू द्या. फोनचा लंबक आणि प्रयोगशाळेतला गोळ्याचा लंबक हे दोन वेगळे प्रयोग आहेत. ॲपमधला आलेख हरवलेल्या आलेखाच्या जागी चिकटवू नका.

बहिणीने जर्नलमध्ये नव्या आलेखाखाली लिहिलं: "मूळ आलेख हरवल्यामुळे मूळ वाचनांवरून पुन्हा काढला. ८० सेमीचं वाचन वगळलं. लांबी हुकाच्या गाठीपर्यंत मोजली होती, १.८ सेमी दुरुस्ती केली." तोंडी परीक्षेत सरांनी तिला याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, की लांबी गाठीपर्यंत मोजली हे तुला कसं कळलं? तिने रेषा मागे नेऊन दाखवली.

आता पुढच्या प्रयोगाला तुम्ही फोटो काढाल तेव्हा पट्टीचं खालचं टोक आणि गोळा, दोन्ही एकाच चौकटीत येऊ द्या. आणि फोटो काढण्याआधी वहीत एक ओळ लिहा: लांबी कुठून कुठपर्यंत.